अठरा फ्रेमचा थांबा : एका चपापण्याचा मुंबईमार्गे बेंगळुरूपर्यंतचा प्रवास

मागच्या वेळी कार्टूनमधल्या चालण्याविषयी बोलले होते, आज थांबण्याविषयी बोलणार आहे. व्हिडिओत बऱ्याच गोष्टी मी तोंडाने आणि हाताने करून दाखवल्या होत्या. पुस्तकात त्या शब्दांत सांगाव्या लागणार, तेव्हा वाचताना जमलं तर आरशासमोर बसा. चेष्टा नाही करत. ॲनिमेटरच्या टेबलावर आरसा असतोच.

आपल्या घरांत कुणी बाहेर पडताना शिंकलं तर आई म्हणायची, "थांब जरा, पाणी पी आणि मग नीघ." शिंक म्हटली की थांबायचं, हे आपल्याला लहानपणीच कळलेलं असतं. ॲनिमेशनमध्ये मात्र थांबा शिंकेच्या आधी येतो. "आ… आ…" करत माणूस मागे जातो, नाक वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिथे तो अडकतो. शिंक येते की जाते अशा त्या अवस्थेत प्रेक्षकही आपला श्वास धरून बसतो. मग शिंक एका किंवा दोन फ्रेममध्ये होऊन जाते. सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत सगळं संपलं. हसू येतं ते आधीच्या थांब्यामुळे.

याचा पुरावा सिनेमाच्या अगदी आरंभी सापडतो. एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९४ च्या जानेवारीत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी फ्रेड ऑट नावाच्या तिथल्याच कर्मचाऱ्याची शिंक कॅमेऱ्यात पकडली. तो माणूस तपकीर घेतो आणि शिंकतो. खरी शिंक, खरा माणूस, काही सेकंदांचा मामला. ती पाहून आज कुतूहल वाटतं, हसू फारसं येत नाही. कारण खऱ्या शिंकेला प्रेक्षकासाठी थांबायचं कारणच नसतं. दहा वर्षांनी, १९०४ पासून, विन्सर मॅके यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'लिटल सॅमी स्नीझ' ही चित्रमालिका काढली. सहा चौकटी. पहिल्या चारांत सॅमीची शिंक जमत जाते आणि आजूबाजूची मोठी माणसं आपल्याच कामात असतात. पाचवीत स्फोट, सहावीत त्याचे परिणाम, बहुतेक वेळा सॅमीची हकालपट्टी. मॅकेंनी चार चौकटी तयारीला दिल्या आणि शिंकेला एक. पुढे शंभर वर्षं ॲनिमेटर मंडळी हेच प्रमाण थोडंफार हलवत राहिली.

त्याच सुमारास मूकपटांतले विनोदी नट दुसऱ्या दोन प्रतिक्रिया घासूनपुसून तयार करत होते. एक 'डबल टेक'. याला मराठीत नेमका शब्द नाही, 'चपापणं' जवळचा आहे. माणूस एखाद्या गोष्टीकडे पाहतो, काही विशेष नाही म्हणून नजर वळवतो, मग डोक्यात प्रकाश पडतो आणि तो दचकून पुन्हा पाहतो. लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांतले जेम्स फिनलेसन यात वाकबगार होते. दुसरी 'स्लो बर्न', म्हणजे आतल्या आत धुमसणं. ती एडगर केनेडी यांची खासियत. टकलावरून कपाळ, डोळे, हनुवटी असा हात सावकाश खाली ओढत ते राग गिळायचे, आणि तो गिळला जात नाहीये हे आपल्याला दिसायचं.

या नटांकडून ही विद्या डिस्नेकडे कशी गेली याचं एक उदाहरण नावानिशी सांगता येतं. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधल्या शिंकऱ्या बुटक्याला, स्नीझीला, आवाज दिला बिली गिल्बर्ट यांनी, आणि ते रंगभूमीवर शिंकेच्याच नकलेसाठी प्रसिद्ध होते. त्या चित्रपटातला नाच आठवा. डोपी हा बुटका स्नीझीच्या खांद्यावर उभा राहून, वर लांब कोट घालून राजकन्येबरोबर नाचतोय. खाली स्नीझीला शिंक येऊ लागते. ती दाबली जाते, पुन्हा येते, आणि अखेर डोपी थेट छताच्या तुळयांवर. तो शिंकणार हे आपल्याला केव्हाच कळलेलं असतं. कधी, एवढंच माहीत नसतं.

आता मुंबईकडे येऊ. याच 'स्नो व्हाइट'वर, पुढे 'बांबी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलेला एक ॲनिमेटर १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला. त्याचं नाव क्लेअर वीक्स. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेला हा माणूस अमेरिकी तांत्रिक मदत योजनेखाली इथल्या कार्टून विभागाला शिकवायला आला होता. त्याच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी मंडळी तयार झाली आणि १९५७ मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' हा लघुपट निघाला. त्याआधी आपल्याकडे ॲनिमेशन नव्हतं असं नाही. पुण्याला प्रभातने १९३४ मध्येच 'जंबू काका' काढला होता. पण वीक्सबरोबर कामाची पूर्ण शिस्त आली, आणि त्या शिस्तीचा कणा म्हणजे एक्स्पोजर शीट, कामगारांच्या भाषेत एक्स-शीट.

दिसायला हा किराणा दुकानाच्या खातेवहीसारखा लांबट कागद. उभे रकाने आणि आडव्या ओळी, एक ओळ म्हणजे एक फ्रेम. कोणतं चित्र कोणत्या फ्रेमपासून कुठपर्यंत कॅमेऱ्याखाली ठेवायचं ते त्यात लिहायचं. चित्र क्रमांक ७ च्या खाली सोळा ओळींची उभी रेघ ओढली की ते चित्र सोळा फ्रेम तसंच राहणार. हाच होल्ड. ॲनिमेटर चित्र काढण्याआधी या कागदावर थांबे ठरवायचा. शिवाय कागदी ॲनिमेशनमध्ये होल्ड ही बचत होती. एक चित्र काढा, पाऊण सेकंद वापरा. निर्मात्यालाही थांबा आवडायचा, त्याचं कारण मात्र वेगळं होतं!

आता हा कागद बेंगळुरूला येतो तेव्हा काय होतं ते बघू. या शतकाच्या पहिल्या दशकात बेंगळुरू हे संगणकावरच्या ॲनिमेशनचं मोठं ठाणं झालं. २००८ मध्ये ड्रीमवर्क्सने टेक्निकलरच्या इथल्या स्टुडिओत आपलं खास युनिट सुरू केलं. २००९ चा 'मेरी मादागास्कर' हा टीव्हीचा ख्रिसमस-विशेष तिथे घडला आणि २०१२ चा 'पुस इन बूट्स : द थ्री डायब्लोज' हा लघुपटही. 'मादागास्कर' घराण्याची शैली मुद्दाम झटकेदार आहे. पात्रं एका पोजमधून दुसऱ्या पोजमध्ये जवळजवळ उडी मारतात आणि तिथे थबकतात. चाळीसच्या दशकातल्या टेक्स एव्हरीच्या कार्टूनांचं ते संगणकावरचं नातवंड म्हणायला हरकत नाही. एव्हरीच्या लांडग्याचे डोळे खोबणीतून फूटभर बाहेर यायचे. 'मादागास्कर'चे तेवढे येत नाहीत, पण नातं लपत नाही.

मी त्या युनिटमध्ये नव्हते. मी बेळगावची, शहरातल्या दुसऱ्या एका स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागले होते. पहिल्याच महिन्यात माझ्या वाट्याला एक डबल टेक आला. इथे मूळ शॉट सांगत नाही, तसाच एक बनवून सांगते.

एक गृहस्थ बेंगळुरूच्या दर्शिनीत उभ्याउभ्या फिल्टर कॉफी घेताहेत. शेजारच्या उंच टेबलाशी एक बिबट्या, तोही कॉफीच घेतोय. गृहस्थ त्याच्याकडे बघतात, मान परत वळवतात, पेला ओठाला लावतात आणि मग…

पहिलं वळणं ६ फ्रेमचं. त्यात बुबुळं डोक्याच्या दोन फ्रेम आधी निघतात, कारण माणूस आधी डोळ्यांनी वळतो. वळताना डोकं किंचित खाली झुकून पुढे जातं, सरळ रेषेत फिरवलं तर दारासारखं दिसतं. मग बिबट्याकडे बघणं १० फ्रेम. इथे नव्या माणसाची हमखास चूक होते आणि माझीही झाली. मी या पहिल्या नजरेतच भुवया जराशा उचलल्या होत्या. झालं, त्याला कळलं! आणि कळलं म्हटल्यावर दुसऱ्यांदा दचकायला काही उरत नाही. पहिल्या नजरेत चेहरा बसथांब्यावरच्या माणसासारखा कोराच हवा.

परत वळणं ८ फ्रेम, जाण्यापेक्षा जरा सावकाश, कारण तो निर्धास्त आहे. मग पेला ओठाशी, आणि १८ फ्रेमचा होल्ड. हा या सगळ्याचा जीव. इथे पात्र काहीच करत नाही. काम चाललंय ते प्रेक्षकाच्या डोक्यात, 'अरे बाबा, बिबट्या होता तो!' हे त्याने पात्राच्या आधी म्हणायला हवं. सहा-आठ फ्रेममध्ये त्याला ते म्हणायला वेळ मिळत नाही. दोन सेकंद थांबलात तर म्हणून होतं आणि तो कंटाळतो.

पुढचं सगळं वेगात. डोकं खांद्यांत घुसतं, डोळे गच्च मिटतात, चेहरा वरून दाबल्यासारखा चपटा होतो. त्याला ५ फ्रेम, आणि त्या दाबलेल्या पोजमध्ये ३ फ्रेम थांबायचं. मग अवघ्या २ फ्रेममध्ये वर. मान ताणलेली, डोळे टपोरे, केस उभे, कॉफी हवेत. ही टोकाची पोज ४ फ्रेम धरायची, नाहीतर डोळ्यांना ती वाचताच येत नाही. तिथून थोडं खाली येऊन स्थिरावणं ८ फ्रेम आणि शेवटी बिबट्याकडे बघत राहणं २४ फ्रेम. बेरीज ८८ फ्रेम, साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त.

वर जाण्याआधी खाली का जायचं? उडी मारणारा आधी गुडघे वाकवतो म्हणून, असं उत्तर पुस्तकांत असतं आणि ते खरंच आहे. पण आणखी एक कारण आहे. २ फ्रेमची हालचाल डोळ्याला दिसत नाही, फक्त आधीची आणि नंतरची पोज दिसते. त्या दोन पोजमधला फरक जेवढा मोठा, तेवढा धक्का मोठा. साध्या चेहऱ्यावरून टपोऱ्या डोळ्यांवर गेलात तर फरक एकपट, दाबलेल्या चेहऱ्यावरून गेलात तर दुप्पट. अतिशयोक्तीची अर्धी मजा त्या आधीच्या चपट्या पोजमध्ये साठवलेली असते.

मी हे सगळं मांडलं, प्रमुखांना दाखवलं, त्यांना आवडलं. संगणकावर सुरुवातीला आपण 'स्टेप्ड' पद्धतीने काम करतो. म्हणजे एक पोज पुढची पोज येईपर्यंत जशीच्या तशी राहते, कागदासारखी. मग ते 'स्प्लाइन'मध्ये न्यायचं असतं, म्हणजे मधल्या फ्रेम संगणक स्वतः भरतो. मी बटण दाबलं आणि माझा गृहस्थ पाण्याखाली गेल्यासारखा तरंगायला लागला. १८ फ्रेमच्या होल्डमध्ये मान हळूच पलीकडे वाहत जाऊन परत येत होती. दाबलेली पोज पुरती दाबलीच जात नव्हती. दचकणं आळस दिल्यासारखं झालं होतं.

कारण साधं आहे. दोन कींमधला आलेख संगणक गुळगुळीत करतो. होल्डच्या दोन्ही टोकांना किंमत एकच असली तरी आधीच्या आणि पुढच्या वेगाशी जुळवून घेताना रेघ मध्ये फुगते किंवा दबते. त्याला थांबा म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याच्या लेखी तो एका हालचालीतून दुसरीत जायचा रस्ता आहे. उपाय हाताने करायचे. होल्डच्या दोन्ही कींवर आलेख सपाट करायचा. दाबणं आणि उसळणं या दहा फ्रेमच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर स्वतः पोज द्यायची, तिथे संगणकाला काही ठरवू द्यायचं नाही.

मी होल्ड सपाट केला आणि दुसरं संकट उभं राहिलं. गृहस्थ मेले. अठरा फ्रेम पुतळा. कागदावरचं एक चित्र सोळा फ्रेम थांबलं तरी ते चित्रच असतं, आपण त्याच्याकडून श्वासाची अपेक्षा करत नाही. संगणकातल्या पात्रावर उजेड पडलेला असतो, त्याला खोली असते, कातडी असते. ते थांबलं की मेलंच. जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात हीच अडचण मांडून ठेवली आहे, आणि उपायही जुना, डिस्नेच्याच काळातला : हलता होल्ड. पोज तीच ठेवायची, पण अठरा फ्रेममध्ये ती आली त्याच दिशेने केसभर पुढे सरकत राहायची. डोकं अगदी थोडं झुकतं, छाती भरते, पेल्याचा कोन बदलतो. सरकणं दिसलं तर जास्त झालं, आणि काढून टाकल्यावर पात्र मेलं तर बरोबर होतं. आमचे प्रमुख कन्नडिग होते. इथली माणसं कशालाही 'स्वल्प ॲडजस्ट माडी' म्हणतात, ते माझ्या खुर्चीमागून म्हणायचे, "स्वल्प, मॅडम, स्वल्प." त्याहून नेमकी सूचना मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

पण शॉट मंजूर झाल्यावर खरा झगडा आला. भाग लांबला होता आणि कळलं की माझा शॉट ३ सेकंदांचा करायचाय. ८८ च्या ७२ फ्रेम, म्हणजे १६ कापायच्या. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कापण्याजोगं काय दिसतं? जिथे काही घडत नाही ते. त्याने १८ फ्रेमच्या होल्डमधून १६ उडवल्या. शॉट परत पाहिला तर त्यात चपापणं उरलंच नव्हतं. गृहस्थ बिबट्याकडे बघतात, मान हलवतात आणि किंचाळतात, एवढंच. कुणाची चूक म्हणणार? कागदाच्या काळात होल्ड फुकट होता म्हणून तो वाचायचा. संगणकात प्रत्येक फ्रेम रेंडर व्हायला तेवढाच वेळ घेते, मग हलत्या चार फ्रेमऐवजी थांबलेल्या चार कापलेल्या बऱ्या, असा तो सरळ हिशेब.

प्रमुखांनी मला एका जुन्या एक्स-शीटची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, "आता तुम्ही कापून दाखवा. अठराला हात लावायचा नाही." मी रात्री बसले. शेवटच्या २४ मधून १० काढल्या, दचकून झाल्यावर माणूस किती वेळ बघतो याला तसं महत्त्व नसतं. पहिल्या नजरेच्या १० च्या ८ केल्या, परत वळण्याच्या ८ च्या ६, स्थिरावण्याच्या ८ च्या ६. झाल्या सोळा. टोकाच्या पोजच्या ४ तशाच, दाबलेल्या पोजच्या ३ तशाच, मधला थांबा अख्खा. सकाळी शॉट लावला तेव्हा मागे उभा असलेला ऑफिस बॉय हसला. त्याने आधीची आवृत्तीही पाहिली होती आणि तेव्हा तो हसला नव्हता. प्रमुखांनी त्याच्याकडे बघून शॉट पास केला.

शिंकेचा हिशेब याच जातीचा आहे, फक्त तिथे थांबे तीन असतात. नवखे लोक तिन्ही 'आ… आ… आ…' सारखे ठेवतात, प्रत्येकी आठ-आठ फ्रेम, आणि ते घड्याळासारखं ऐकू येतं. प्रेक्षकाला पुढचा ठोका कळला की संपलं. मी पहिला १० चा, दुसरा घाईचा ७ चा आणि तिसरा १६ चा ठेवते. तिसऱ्यात नाकपुडी किंवा एक पापणी फडफडवायची, बाकी शरीर मागे ताणून धरायचं. मग शिंक : मधली फ्रेम एक, तीही लांबट ओढलेली, आणि दुसरीत डोकं गुडघ्यांपाशी. आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम मागून आला तरी जोडलेला वाटतो. आधी आला की लगेच खटकतं.

धुमसणं मात्र मला आजही अवघड जातं. तिथे उसळी नाहीच, असलीच तर अगदी शेवटी. सगळा शॉट हा एकच लांब होल्ड आणि त्यात सुट्टे सुट्टे बदल. आधी पापण्या निम्म्या खाली येतात, बारा फ्रेममध्ये. मग काही नाही. मग जबडा एका बाजूला सरकतो. पुन्हा काही नाही. मग मान न हलवता फक्त बुबुळं कॅमेऱ्याकडे. दोन बदल एकदम केले की तो राग राहत नाही, तोंड वाकडं करणं होतं. कागदावरच्या मंडळींना इथे एक सोय होती. रंगवणारा मानेपासून वर लाल रंग चढवत न्यायचा. आमच्याकडे तेच करायचं तर रंगाच्या विभागाकडे वेगळी मागणी टाकावी लागे आणि तिला बहुतेक वेळा नकार येई. मग भुवईवर भागवायचं.

अतिशयोक्तीलाही संगणकात कुंपण असतं. पात्राच्या आत जो सांगाडा बसवलेला असतो, रिग म्हणतात त्याला, तो जेवढं ताणू देतो तेवढंच ताणता येतं. एव्हरीसारखे डोळे बाहेर काढायला गेलात तर पापण्या गालातून आरपार जातात. २०१२ च्या 'होटेल ट्रान्सिल्व्हेनिया'त दिग्दर्शक गेंडी टार्टाकोव्स्की यांनी ॲनिमेटरांना सांगाडे मोडेपर्यंत पोज ताणायला लावल्या, तेव्हा कुठे संगणकातल्या चेहऱ्यांना कागदाची लवचीकता जवळजवळ मिळाली. आम्हाला तसं काही मिळालं नव्हतं. डोळे दीडपट मोठे होत आणि पुढे अडत. उरलेला अर्धा धक्का आम्ही आधीच्या दाबलेल्या पोजमधून आणि त्या अठरा फ्रेममधून काढायचो.

२०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलरचं भारतातलं काम बंद पडलं आणि बेंगळुरूतली पुष्कळ ॲनिमेटर मंडळी एका आठवड्यात रिकामी झाली. त्यांतल्या एका मैत्रिणीने आपल्या टेबलावरचं सामान माझ्याकडे आणून ठेवलंय : एक आरसा, एक स्टॉपवॉच आणि पेन्सिलीने भरलेल्या काही एक्स-शीट. तिने त्या कामासाठी नव्हत्या भरल्या, जुने लघुपट फ्रेम-फ्रेम थांबवून मोजायची तिला सवय होती. एका पानावर लांडग्याचं चपापणं आहे. मधल्या थांब्याची रेघ तिने दोनदा खोडून पुन्हा ओढली आहे, आणि समासात लिहिलंय, 'पुन्हा मोज.'